घामातून गेलेले क्षार आणि शहाळ्याचे पाणी

प्रश्न: मी दर रविवारी सकाळी दोन तास धावतो आणि घामाने अक्षरशः भिजतो. नंतर शहाळ्याचे पाणी प्यायलो, तर स्पोर्ट्स ड्रिंकइतकेच क्षार भरून निघतात का?

उत्तर: पाणी आणि पोटॅशियम भरून निघते, परंतु घामातून मुख्यतः जाते ते सोडियम, आणि तिथे शहाळ्याचा भरवसा धरता येत नाही. एक लिटर घामात सुमारे १ ग्रॅम सोडियम असते (व्यक्तीनुसार ते याच्या निम्मे किंवा दीडपट असू शकते), तर पोटॅशियम जेमतेम २०० मिलिग्रॅम. शहाळ्यात प्रमाण नेमके उलटे आहे: लिटरमागे पोटॅशियम २ ग्रॅमच्या आसपास, आणि सोडियम मात्र जमिनीनुसार व फळाच्या वयानुसार इतके बदलते की एखाद्या फळात ते स्पोर्ट्स ड्रिंकइतके भरते, तर एखाद्यात निम्मेही नसते.

तुमचेच उदाहरण घेऊ. धावण्याआधी आणि घाम पुसून झाल्यावर वजन केले, ते दीड किलोने घटले आणि मध्ये तुम्ही अर्धा लिटर पाणी प्यायला होतात असे धरले, तर घाम सुमारे दोन लिटर गेला, म्हणजेच सोडियम अंदाजे २ ग्रॅम गेले. दोन शहाळ्यांच्या अर्ध्या लिटर पाण्यातून त्यातले फार तर दोन-तीनशे मिलिग्रॅम परत येते. पण स्पोर्ट्स ड्रिंकची गत फारशी वेगळी नाही, हे जाहिराती सांगत नाहीत. त्याच्या अर्ध्या लिटरातही साधारण तेवढेच सोडियम असते. त्याचा फायदा एवढाच की प्रमाण ठरलेले असते आणि बाटलीवर छापलेले असते.

म्हणून अर्धा लिटर शहाळ्याच्या पाण्यात पाव चमचा मीठ घालावे. त्यातून आणखी सुमारे पाचशे मिलिग्रॅम सोडियम मिळते. चव किंचित खारट लागते, लिंबू पिळल्यास ती सुसह्य होते. सोडियम पुरेसे नसेल तर प्यायलेले पाणी शरीरात टिकत नाही आणि बरेचसे लघवीवाटे निघून जाते. उरलेली तूट लगेच भरण्याची घाई नको, कारण पोहे किंवा लोणच्यासह वरण-भात असे नेहमीचे जेवण ती भरून काढते. कपड्यांवर वाळलेल्या घामाचे पांढरे डाग पडत असतील, तर तुमचा घाम जास्त खारट असण्याची शक्यता आहे. अशांनी मीठ विसरू नये.

धावण्याचा वेळ तीन-चार तासांवर गेला की धोका निराळा होतो. तेव्हा साधे पाणी किंवा नुसते शहाळे घामापेक्षा अधिक प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे आणि वजन घटण्याऐवजी वाढणे ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी आणखी पाणी न देता रुग्णालय गाठावे.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी दोन-दोन शहाळी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे.