क्रेन वाढवूनही जहाज उशिरा का सुटते?

प्रश्न: मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत निर्यातीचं काम बघतो. आमचा माल न्हावा शेवाला वेळेत पोचतो, तरी जहाज सुटायला कधी कधी फार उशीर होतो. एजंट सांगतो, "आणखी एक क्रेन लावली होती." मग जहाज लवकर का सुटलं नाही?

उत्तर:

मी मूळचा निपाणीचा. काही वर्षे एका कंटेनर टर्मिनलमध्ये यार्ड प्लॅनर म्हणून काम केले आहे, म्हणून आकडे मांडूनच सांगतो. समजण्यास सोपे जावेत यासाठी ते थोडे गोळाबेरीज केलेले आहेत.

समजा, एका जहाजावर चढवायचे आणि उतरवायचे मिळून 1200 कंटेनर आहेत, चार क्रेन लावल्या आहेत आणि प्रत्येक क्रेन तासाला 25 कंटेनर हाताळते. साधा भागाकार केला तर काम 12 तासांत संपायला हवे. पण जहाजावरचे कंटेनर असे सारखे वाटलेले नसतात. जहाजाची लांबी आडव्या कप्प्यांत विभागलेली असते. त्यांना आम्ही 'बे' म्हणतो. कोणत्या बेमध्ये कोणत्या बंदराचा किती माल आहे, हे जहाज आमच्याकडे येण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. त्यामुळे चार क्रेनच्या वाट्याला प्रत्यक्षात 420, 300, 260 आणि 220 असे काम येते. शेवटची क्रेन नऊ तासांच्या आत मोकळी होते, पण 420 कंटेनरवाल्या क्रेनला जवळजवळ 17 तास लागतात, आणि जहाज तिच्यासाठी थांबते. टर्मिनलच्या भाषेत तिला 'लाँग क्रेन' म्हणतात. जहाज धक्क्यावर किती वेळ राहणार, हे या एका क्रेनचे काम ठरवते.

आता आपल्या एजंटने सांगितलेली पाचवी क्रेन. ती लाँग क्रेनच्या शेजारी लावून ते 420 कंटेनर वाटून घेता आले असते, तर नक्कीच फायदा झाला असता. परंतु धक्क्यावरच्या क्रेनची रुंदी सुमारे 27 मीटर असते, आणि चाळीस फुटी कंटेनरच्या एका बेला साधारण 14 ते 15 मीटर जागा लागते. म्हणून लगतच्या दोन बेवर दोन क्रेन एकाच वेळी उभ्या राहू शकत नाहीत. मध्ये एक बे सोडावा लागतो. जड काम लगतच्या दोन बेमध्ये साचले असेल, तर पाचवी क्रेन 260 आणि 220 कंटेनरवाल्यांनाच मदत करते. त्या लवकर मोकळ्या होतात, पण जहाज सुटण्याची वेळ एका मिनिटानेही अलीकडे येत नाही. एजंटने आपल्याला खोटे सांगितले असेल असे मला वाटत नाही; क्रेन खरोखरच लावली असेल.

येथपर्यंत लाँग क्रेन तासाला 25 कंटेनर हाताळते, हे आपण गृहीत धरले. ती हा वेग राखते की नाही, हे यार्डात ठरते, आणि माझ्या मते उशिराचे खरे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते. यार्डात कंटेनर ब्लॉकमध्ये रचलेले असतात आणि रबरी चाकांची उंच क्रेन, म्हणजे आरटीजी, ते उचलून ट्रेलरवर ठेवते. एक कंटेनर द्यायला तिला सरासरी चार मिनिटे लागतात असे धरा. म्हणजे एक आरटीजी तासाला 15 देते, आणि दोन मिळून 30. धक्क्यावरच्या क्रेनला 25 हवे असतात, म्हणून दोन आरटीजी पुरतात. ट्रेलरची एक फेरी 12 मिनिटांची असेल, तर प्रत्येक क्रेनमागे पाच ट्रेलरही पुरतात.

बिघडते ते हवा असलेला कंटेनर दुसऱ्याखाली सापडल्यावर. जहाजात जड कंटेनर तळाशी जातात, म्हणून चढवताना ते आधी लागतात. यार्डात मात्र जो कंटेनर गेटमधून आधी येतो, तो एकावर एक रचलेल्या रांगेत तळाशी बसतो. आपल्याकडचे ओतकामाचे वीस फुटी कंटेनर पंचवीस टनांच्या आसपास भरतात. ते आधी येऊन खाली बसले आणि त्यांच्यावर हलके कंटेनर चढले, तर प्रत्येक जड कंटेनरसाठी वरचा उचलून बाजूला ठेवावा लागतो. प्रत्येक दुसऱ्या कंटेनरमागे तीन मिनिटांची अशी एक जादा उचल धरली, तर दोन कंटेनर द्यायला आठऐवजी अकरा मिनिटे लागतात. मग दोन आरटीजी मिळून तासाला 30ऐवजी जेमतेम 22 देतात. धक्क्यावरची क्रेन कितीही चपळ असली तरी तिलाही 22 वरच थांबावे लागते. तेच 420 कंटेनर आता सुमारे 19 तास घेतात, म्हणजे दोन तासांहून थोडे अधिक वाढतात. भरतीच्या पाण्यावर सुटणाऱ्या मोठ्या जहाजाची वेळ या दोन तासांत हुकली, तर उशीर पुढच्या भरतीपर्यंत वाढतो.

अशा वेळी घाबरून ट्रेलर वाढवण्याची प्रवृत्ती असते. आपल्या भागात साखर कारखान्याच्या गव्हाणीसमोर उसाच्या गाड्यांची रांग आपण पाहिली असेल. गव्हाण जेवढा ऊस घेते त्यापेक्षा जास्त गाड्या आणल्या, तर रांग लांबते, गाळप वाढत नाही. येथेही आठ ट्रेलर दिले तरी ते आरटीजीखाली रांगेत उभे राहतात. म्हणून अडचण कोठे आहे हे ओळखण्यासाठी मी आधी रांग कोठे आहे ते पाहत असे. ट्रेलर धक्क्यावरच्या क्रेनखाली ताटकळत असतील, तर क्रेन मंद आहे. क्रेनचा स्प्रेडर, म्हणजे कंटेनर पकडणारी चौकट, रिकामा लटकत असेल आणि ट्रेलर ब्लॉकमध्ये उभे असतील, तर दोष यार्डचा आहे.

एका रात्री तो दोष माझा होता. एकाच बंदराचे सर्व कंटेनर शोधायला सोपे जावेत म्हणून मी ते एकाच ब्लॉकमध्ये ठेवले होते. चढवताना दोन क्रेननी एकाच वेळी त्या ब्लॉकमधून मागणी केली. तेथे दोनच आरटीजी नीट काम करू शकत होत्या, त्यामुळे दोन्ही क्रेन अर्धपोटी राहिल्या, शेजारचे ब्लॉक शांत होते आणि मला त्यांचा काही उपयोग नव्हता. तेव्हापासून मी एका जहाजाचा माल तीन-चार ब्लॉकमध्ये पसरत असे, पण प्रत्येक रांगेत एकाच बंदराचे, एकाच मापाचे आणि एकाच वजनगटाचे कंटेनर ठेवत असे. अशा रांगेत कोणता कंटेनर वर आणि कोणता खाली याला महत्त्व उरत नाही. वरचा उचलला तरी चालतो. तरीही चुकलेले कंटेनर जहाज येण्याच्या आदल्या पाळीत, आरटीजी मोकळ्या असताना, योग्य रांगेत हलवून घ्यावे लागतात. जहाज लागल्यावर हेच काम दुपटीने महाग पडते.

हे सर्व टर्मिनलच्या हातात असले, तरी एक भाग आपल्या हातात आहे. भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन जहाजावर चढवण्यापूर्वी कळवणे 1 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे, आणि प्लॅनर त्याच वजनावरून रांग निवडतो. अंदाजाने 18 टन लिहून नंतर 25 केले, तर कंटेनर चुकीच्या रांगेत बसलेला असतो आणि तो हलवण्यात कोणाची तरी आरटीजी अडकते. दुसरे असे की, गेट बंद होण्याच्या शेवटच्या तासांत पोचलेल्या कंटेनरला उरेल ती जागा मिळते, मग ती इतर कंटेनरांच्या वर असो वा दूरच्या ब्लॉकमध्ये. आपला ट्रेलर बेळगावहून निघण्यापूर्वी एजंटकडून गेट कधी उघडते आणि कधी बंद होते, या दोन्ही वेळा विचारून घ्याव्यात आणि कोल्हापूर-पुणे मार्गावरील खोळंबा धरूनही तो या दोन्हींच्या मध्ये पोचेल, असे गणित करावे.