दोन टी-शर्ट घालणारा मुलगा

प्रश्न: "मुलगा 15 वर्षांचा आहे, दहावीत. मे महिन्यातही एकावर एक दोन टी-शर्ट घालतो, म्हणजे दंड भरलेले दिसतात. आता जिममधल्या दादाने सांगितलेली पावडर मागतोय. द्यावी का? आणि हे वेड कधी उतरेल?"

ताई, मी वडोदऱ्यात शाळेत व्यायाम शिकवतो आणि संध्याकाळी एका तालमीत मुलांना मल्लखांबावर घेतो. 22 वर्षं झाली. दोन टी-शर्टवाले मुलगे मला दर वर्षी भेटतात. नवरात्र जवळ आली की जास्तच, कारण गरब्याला घालायच्या बिनबाह्यांच्या केडियूत दंड उघडे पडतात.

आधी वाढीचं समजून घ्या. मुलगा आधी उंच होतो, मग भरतो. उंची भरभर वाढते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि स्नायू जोर धरतात त्यानंतर वर्षभराने, कधी त्याहूनही उशिरा. मधल्या काळात पोरगं लांबच लांब हातापायांचं दिसतं. त्यातून एकाच वर्गात कुणी लवकर वयात आलेला असतो, कुणी उशिरा. शेजारच्या बाकावरचा मिशी फुटलेला मुलगा शरीराने दोन वर्षं पुढे असू शकतो. तुमचा मुलगा तुलना त्याच्याशी करतोय.

पावडर म्हणजे बहुतेक वेळा दुधातलंच प्रथिन. निरोगी मुलाला पावडरच्या चांगल्या डब्याने विषबाधा होत नाही, पण त्याची गरजही नसते. 50 किलोच्या, व्यायाम करणाऱ्या मुलाला दिवसाला 70 ते 80 ग्रॅम प्रथिन पुष्कळ झालं. सहा पोळ्या, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर भिजवलेले चणे आणि 100 ग्रॅम पनीर, एवढ्यात ते भरतं. माझी भीती डब्याची नाही, तो देणाऱ्या दादाची आहे. डब्यानंतर "फरक पडत नाही ना? मग ही गोळी घे" असं सुरू होतं. ती स्टेरॉइडची असेल तर वाढत्या हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची तिथेच थांबते. दोन महिन्यांत पाच-सहा किलो वाढले, पाठीवर-खांद्यांवर अचानक मोठे फोड आले, काखेजवळ जांभळट पट्टे उठले, तर डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्या-इंजेक्शनबद्दल स्पष्ट विचारा.

आता एक मुलगा सांगतो. 15 वर्षांचा, 168 सेंटिमीटर, 49 किलो. सडपातळ, पण त्या वयाच्या मानाने निरोगी. आईच्या शिवणाच्या टेपने सकाळ-संध्याकाळ दंड मोजायचा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायचा: 24.5, 24.5, 25. एकदा मी त्याचे दोन फोटो काढले. पहिला सकाळी, ट्यूबलाइटखाली, हात खाली सोडून. दुसरा वीस मिनिटांनी, पुलअप्स मारून झाल्यावर, खिडकीतून एका बाजूने उजेड पडत असताना. "सर, दुसरा कोण आहे?" म्हणाला. मोबाईलवर तो रोज जे पाहत होता ते सगळं दुसऱ्या फोटोसारखं होतं.

चौदा महिन्यांनी तो 173 सेंटिमीटर आणि 57 किलो होता, दंड 27.5. वही मात्र बंद झाली नव्हती, उलट पोटाचंही माप त्यात आलं होतं. मनगट सुजलं असतानाही वजन उचलत होता, मामेबहिणीच्या लग्नाला गेला नाही. शरीर भरलं तरी नजर तीच राहिली, तेव्हा मला हे वयाचं वेड वाटेनासं झालं. आपण लहानखुरे, कमजोर आहोत असं मनात घट्ट बसतं, त्याला स्नायूंविषयीचा देहभ्रम म्हणता येईल. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत तो शरीरप्रतिमेच्या आजारात धरलेला आहे. विचार बदलण्याचे समुपदेशन, गरज पडली तर औषध, असा उपचार असतो. त्या मुलाला आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मापं आधी दिवसाला एक, मग आठवड्याला एक अशी कमी करायला त्यांनी सांगितलं. सोपं गेलं नाही, पहिले दोन आठवडे तो चिडचिडा होता.

घरात दोन गोष्टी पाळा. एक, "काडीपैलवान", "हवेत उडून जाशील" हे काका-मामांना थांबवायला सांगा, आणि ते मुलासमोर नको, बाजूला घेऊन. दुसरी जास्त अवघड आहे. "माझे खांदे लहान दिसतात का?" असं तो विचारेल तेव्हा दर वेळी "छान दिसतोस रे" म्हणू नका. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तासाभराने तोच प्रश्न परत येतो. "आज किती वेळा विचार आला?" एवढंच विचारा. दिवसातला तासभर किंवा जास्त वेळ त्यात जात असेल, शाळा किंवा घरचे कार्यक्रम सुटत असतील, तर वाट न पाहता सयाजी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या.

तसं नसेल तर त्याला तालमीत आणा. दोन टी-शर्ट घालून मल्लखांबावर चढता येत नाही, पण ते तुम्ही सांगू नका, तो स्वतःच एक काढेल.