ताब्याआधीचं व्याज: आधी ३१ मार्च बघा

नव्या घराचा ताबा मिळाला, अभिनंदन! ताब्याआधी भरलेलं गृहकर्जाचं व्याज प्राप्तिकर मोजताना ताब्याच्या वर्षापासून पाच समान वार्षिक हप्त्यांत उत्पन्नातून वजा करता येतं. या पाच हप्त्यांचा हिशोब सोपा आहे, पण बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. ताब्याच्या तारखेपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करून त्याला पाचाने भागतात. तसं करू नका.

समजा, कर्ज जुलै २०२१ मध्ये घेतलं आणि घर पूर्ण होऊन ताबा नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाला. ‘आधीचं व्याज’ मोजायचं ते ३१ मार्च २०२४ पर्यंतच. ते साडेचार लाख भरलं, तर २०२४-२५ पासून २०२८-२९ पर्यंत दरवर्षी ९० हजार. एप्रिल २०२४ नंतरचं व्याज ताब्याआधीचं असलं तरी त्या चालू वर्षातच धरायचं.

आता खरी मेख. राहत्या घराला वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे आणि हा हप्ता त्यातच बसवायचा, वेगळा नाही. चालू व्याज १ लाख ६० हजार असेल तर बेरीज अडीच लाख होते. वरचे ५० हजार गेले, पुढच्या वर्षी मिळत नाहीत.

तेव्हा सुरुवातीला एवढंच करा:

- बँकेकडून प्रत्येक आर्थिक वर्षाचं व्याज प्रमाणपत्र घ्या, अगदी पहिल्या वर्षापासूनचं.
- त्यातली मुद्दल बाजूला काढा. पाच हप्ते फक्त व्याजाचे.
- राहत्या घरासाठी ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. नवीन निवडली असेल तर हा खटाटोपच नको.

भाड्याने दिलेल्या घराचं गणित वेगळं, ते नंतर बघू.