शेक्सपिअरचा राजपुत्र दोन तऱ्हांनी का बोलतो?

प्रश्न: शेक्सपिअरच्या नाटकात एकच पात्र कधी पद्यात बोलते, तर कधी मध्येच गद्यात. सरदार लोक पद्यात आणि नोकरचाकर गद्यात, एवढाच नियम आहे का? की त्यात आणखी काही सुचवायचे असते?

उत्तर: तो नियम ढोबळमानाने खरा आहे, पण त्याने फारच थोडे हाती लागते. कोणते पात्र पद्यात बोलते हे पाहण्यापेक्षा ते कोणत्या क्षणी आणि कोणासमोर एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जाते हे पाहिले, तर नाटककाराने केलेली खूण दिसू लागते. हे समजून घेण्यासाठी मला ‘चौथा हेन्री, भाग पहिला’ हे नाटक सर्वांत सोयीचे वाटते. ते सुमारे 1596-97 मध्ये लिहिले गेले आणि 1598 मध्ये छापले गेले. त्यातला राजपुत्र हॅल दोन्ही रीतींत सारख्याच सफाईने बोलतो आणि कोणती रीत कुठे वापरायची हे त्याला पक्के ठाऊक असते.

संस्कृत नाटकांच्या सवयीने आपली थोडी दिशाभूल होते, म्हणून आधी एक फरक सांगतो. तिथे दर्जा दाखवण्याचे काम मुख्यतः भाषा करते. राजा संस्कृत बोलतो, तर राणी, दासी आणि ब्राह्मण असूनही विदूषक प्राकृत बोलतात, आणि ही वाटणी सहसा नाटकभर टिकते. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर सर्वांची भाषा इंग्रजीच असते. फरक पडतो तो ‘ब्लँक व्हर्स’ म्हणजे साधारण दहा अक्षरांच्या, पाच आघातांच्या निर्यमक ओळी आणि मोकळे गद्य यांच्यात. ही वाटणी पात्राला जन्मभर चिकटलेली नसते. एकाच प्रवेशात ती तीन-चार वेळा बदलू शकते.

दर्जाचा नियम कुठे मोडतो ते याच नाटकात दिसते. हॅलचा मद्यगृहातला मित्र फॉलस्टाफ हा ‘सर’ ही पदवी मिरवणारा नाइट आहे, तरी तो जवळजवळ संपूर्ण नाटक गद्यात बोलतो. याच मालिकेतल्या आधीच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात तर गद्य मुळीच नाही; त्यातले बागेत काम करणारे माळीही घोटीव पद्यात बोलतात. म्हणून ज्या नाटकात दोन्ही रीती वापरात आहेत, तिथेच त्यांच्या अदलाबदलीला अर्थ असतो. सगळेच पद्य असेल तर माळ्याच्या पद्यावरून त्याच्या दर्जाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

आता हॅलकडे वळू. पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात राजा हेन्री आणि त्याचे सरदार राज्यापुढच्या संकटांची चर्चा करतात, ती सर्व पद्यात. पुढच्याच प्रवेशात हॅल आणि फॉलस्टाफ येतात आणि किती वाजले, दारू किती झाली, वाटमारी कुठे करायची अशा गप्पा मारतात, त्या सर्व गद्यात. इथवर दर्जाचा नियम नसला तरी स्थळाचा आणि विषयाचा नियम दिसतो. मग मित्र निघून जातात, हॅल एकटा उरतो आणि त्याच क्षणी तो वीसेक ओळींचे स्वगत पद्यात म्हणतो: मी तुम्हा सर्वांना ओळखून आहे, सूर्य जसा काही काळ ढगांना आपल्याला झाकू देतो तसा मी तुमच्यात राहतो आहे, आणि वेळ येताच हे आवरण फेकून देईन. अर्थ धक्कादायक आहेच, पण प्रेक्षकाच्या कानाला त्याआधी चाल बदललेली जाणवते. इतका वेळ मित्रांशी मिसळून गेलेले ते गद्य अंगावर घेतलेला वेष होता, हे ओळींच्या लयीने उघड होते. स्वगताच्या शेवटी यमक जुळवलेल्या दोन ओळी येतात, त्यामुळे हा ठराव आधीच करून ठेवलेला आहे असे वाटते. मला स्वतःला हॅल इथे फारसा आवडत नाही. मित्रांची पाठ फिरताच इतके घोटून बोलणारा माणूस थोडा थंड वाटतो. मात्र तो थंडपणा ऐकू येतो तो या लयीतूनच.

सर्वांत बारीक काम दुसऱ्या अंकातल्या ईस्टचीपच्या मद्यगृहातल्या लांब प्रवेशात आहे. आधी तिथे नाटकातले नाटक होते. फॉलस्टाफ उशी डोक्यावर मुकुटासारखी ठेवून राजा बनतो आणि ‘मुला’ला रागावतो, पण त्याचा हा राजा गद्यात बोलतो. ते गद्य साधे नाही. त्या काळी दरबारी लेखनात चालणाऱ्या तोलून-मापून रचलेल्या, उपमांनी भरलेल्या वाक्यांचे ते विडंबन आहे. गद्य म्हणजे अनघड बोली असे मानणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा. खरा राजा मात्र या नाटकात पद्य सोडून बोलत नाही, त्यामुळे फॉलस्टाफला त्याची नक्कल कुठवर साधली आणि कुठे साधली नाही हे कळते.

मग दारावर थाप पडते. वाटमारी करणाऱ्यांच्या शोधात शेरीफ आला आहे. फॉलस्टाफ पडद्यामागे लपतो, शेरीफ आत येतो आणि हॅल पद्यात बोलू लागतो. शेरीफही पद्यातच सांगतो की चोरांतला एक जण ओळखीचा आहे, लठ्ठ माणूस आहे. त्याच्यासोबतचा गाडीवान लगेच ‘लोण्यासारखा लठ्ठ’ एवढीच पुस्ती जोडतो आणि त्याचे ते शब्द शेरीफच्या अपुऱ्या ओळीच्या मापात सामावून जातात. याच नाटकात आधी पहाटे सरायीच्या अंगणात एकमेकांशी कुरकुरणारे गाडीवान गद्यात बोलत होते. माणसाचा दर्जा तोच आहे. बदलला आहे तो प्रसंग, कारण आता बोलणे राजपुत्रासमोर आणि सरकारी कामाचे आहे. हॅल शांतपणे सांगतो की तो माणूस इथे नाही, मी त्याला कामावर पाठवले आहे आणि उद्या जेवणाच्या वेळेपर्यंत मी त्याला तुमच्यासमोर हजर करीन. हे धडधडीत खोटे आहे, कारण फॉलस्टाफ काही हातांच्या अंतरावर पडद्यामागे झोपलेला आहे. पद्य म्हणजे मनातले खरे आणि गद्य म्हणजे वरवरचे, अशी समजूत कोणी पहिल्या स्वगतावरून करून घेतली असेल तर ती इथे टिकत नाही. पद्य हा इथे अधिकाराचा स्वर आहे आणि राजपुत्राचा शब्द एवढ्यावर शेरीफ परत जातो. तो जाताच हॅल पुन्हा गद्यात येतो, फॉलस्टाफचे खिसे तपासायला लावतो आणि दारूच्या मोठ्या रकमेखाली पावासाठी फक्त अर्धा पेनी लिहिलेले बिल वाचून हसतो.

तिसऱ्या अंकात राजा मुलाला खरोखरच बोलावून सुनावतो आणि तो प्रवेश पूर्णपणे पद्यात आहे. त्यानंतर हॅल मद्यगृहात परततो, सवयीप्रमाणे गद्यात थट्टा करतो, पण प्रवेशाच्या शेवटी युद्धाचे हुकूम देताना त्याचे बोलणे हळूहळू मापात येते आणि देश पेटला आहे, आता एक तर आपण पडू किंवा ते, या अर्थाच्या यमकबद्ध ओळींवर संपते. हा बदल नेमका कोणत्या शब्दापासून सुरू होतो याविषयी संपादकांत एकमत नाही. काही आवृत्त्यांत तेच हुकूम गद्य म्हणून छापलेले दिसतील, तर काहींत पद्य म्हणून. फॉलस्टाफ त्यावर उत्तर देतो तेही यमक जुळवून, पण त्याच्या ओळींत न्याहारी मागवलेली असते.

याच कारणाने छापील पानावर पूर्ण विसंबू नये. पद्याची ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते आणि समासाच्या आधीच संपते, गद्य समासापर्यंत जाते, ही ओळखीची खूण खरी आहे, पण त्या काळचे जुळारी चुकत असत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या 1599 च्या आवृत्तीत मर्क्युशिओचे परीराणी मॅबविषयीचे प्रसिद्ध भाषण गद्यासारखे सलग छापलेले आहे, आणि ते पद्य आहे यात कोणालाही शंका नाही. शंका आली तर उतारा मोठ्याने वाचावा. पाच आघात सलग चार-पाच ओळी टिकले तर ते पद्य मानावे. एखादी ओळ मापात बसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण इंग्रजी गद्यातही अशी ओळ सहज निघते.

मनःस्थितीचा प्रश्न राहिला. हॉट्स्पर हा उमराव, बंडखोरांचा नायक, एरवी पद्यात बोलतो. दुसऱ्या अंकात मात्र तो एका भित्र्या सरदाराचे पत्र वाचत येतो आणि त्यावर गद्यात चडफडतो. पत्रे रंगभूमीवर बहुधा गद्यात वाचली जात, पण पत्र थांबवून मध्येमध्ये तो जे स्वतःशी बोलतो तेही गद्यातच आहे, कारण संतापाने त्याचे वाक्य सारखे तुटत असते. त्याची पत्नी येते, ती पद्यात विचारते की तुम्ही असे एकटे का असता, झोपेत लढाईचे शब्द का पुटपुटता, आणि तिच्यामागोमाग तोही पद्यात परततो. पुढे हाच हॉट्स्पर कविता करणाऱ्यांची टर उडवतो आणि तीही निर्दोष पद्यात. नाटककाराला हा विनोद नक्कीच ठाऊक असणार.

श्रूझबरीच्या रणांगणावर दोन्ही रीती एकमेकींवर आदळतात. हॅल पद्यात तलवार मागतो, फॉलस्टाफ गद्यात दम खायला वेळ मागतो आणि हॅल त्या गद्यात क्षणभर ओढला जातो. मग पिस्तुलाच्या जागी दारूची बाटली हाती येते तेव्हा तो ही काय थट्टेची वेळ आहे, असे विचारून ती फेकून निघून जातो. पुढे हॉट्स्परला मारल्यावर शेजारी पडलेला फॉलस्टाफ मेला असे समजून तो त्याला पद्यात निरोप देतो. हॅल जाताच ‘मृत’ फॉलस्टाफ उठतो आणि शौर्याचा उत्तम भाग म्हणजे शहाणपण, हे आपले तत्त्वज्ञान गद्यात ऐकवतो. मग तो हॉट्स्परला मारल्याचे श्रेयही स्वतःकडे घेतो. हॅल आधी त्याला गद्यात हटकतो, की त्याला तर मी मारले आणि तुला मेलेला पाहिले. त्यानंतर मात्र तो पद्यात म्हणतो की एखाद्या खोट्याने तुझे भले होत असेल तर मी त्याला माझ्याकडच्या उत्तमोत्तम शब्दांचा मुलामा देईन. मद्यगृहात शेरीफसमोर ज्या स्वराने त्याने मित्राला वाचवले होते, तोच स्वर इथे तो दुसऱ्यांदा त्याच्यासाठी खर्च करतो, आणि या वेळी त्याची किंमत स्वतःच्या विजयाची आहे. फॉलस्टाफ मात्र, बक्षिसाच्या आशेने मागोमाग जातो, असे म्हणत गद्यातच निघून जातो.