जाहिरात वाचली, पण जागा का निघाली हे वाचले का?

"सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती रोज मोबाइलवर येतात. घरचे म्हणतात जळगावातच बघ, मित्र म्हणतात कोडिंगचा क्लास लाव. काय निवडू?"

अशा विद्यार्थ्याच्या मनात काही दोष आहे, असे मी मानत नाही. माझ्या मते संभ्रम बहुधा अपुऱ्या वाचनातून येतो आणि तो धीर देऊन नव्हे, तर नीट वाचायला लावून सुटतो. म्हणूनच प्लेसमेंट अधिकारी या नात्याने शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर बोलताना मी कोणत्याही क्षेत्राचे नाव घेत नाही. आपल्याला हव्या त्या पदाच्या जाहिराती वहीत उतरवून आणा, एवढेच सांगतो.

व्याख्यानानंतर रावेर तालुक्यातील एक विद्यार्थी 'प्रॉडक्शन इंजिनिअर' पदाच्या चाळीस जाहिराती घेऊन आला. "सर, मागणी भरपूर आहे," तो म्हणाला. मी त्याला कंपनीचे नाव आणि कामाचे ठिकाण पाहून एकसारख्या नोंदी खोडायला सांगितले. एकाच जागेची जाहिरात तीन-तीन कन्सल्टन्सींनी दिलेली निघाली आणि चाळीसच्या सतरा झाल्या. अनुभवाची अट असलेल्या वगळल्यावर नऊ उरल्या. त्या नऊपैकी पाच जागा कंत्राटदाराच्या पटावरच्या होत्या, म्हणजे काम एका कारखान्यात आणि नेमणूक दुसऱ्याच संस्थेची. तो गप्प झाला.

उरलेल्या चारांपैकी एक जाहिरात दर महिन्याला पुन्हा येत होती. "ही कंपनी वाढतेय ना, सर?" त्याने विचारले. तसे असू शकते, पण तिथे माणसे टिकत नसण्याचीही तितकीच शक्यता असते, आणि जाहिरातीच्या मजकुरावरून हा फरक कळत नाही. त्यासाठी तिथे लागलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्याला फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या: तुझ्याआधी या जागेवर कोण होते आणि ते का गेले? नवी लाइन सुरू झाल्यामुळे जागा निघाली असेल, तर उत्तरात यंत्राचे किंवा नव्या शेडचे नाव येते. तसे नसेल, तर शिफ्ट, बॉण्ड आणि सुपरवायझर यांचाच विषय निघतो. त्याने फोन केला आणि दुसऱ्या प्रकारचे उत्तर घेऊन आला.

पगाराचा आकडाही असाच उलगडावा लागला. वार्षिक 3,60,000 म्हणजे महिना 30,000, असा त्याचा हिशेब होता. त्यातून वर्षाअखेरीस कामगिरीनुसार मिळणाऱ्या रकमेचे महिन्याकाठचे 3,000, मूळ वेतन 15,000 धरून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी 1,800 आणि ग्रॅच्युइटीची सुमारे 720 ची तरतूद बाजूला काढली. मग त्याच्या स्वतःच्या वाट्याचे 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा केले. हाती साडेबावीस हजारांच्या आत-बाहेर राहिले, आणि पुण्यातले भाडे व मेस त्यातूनच भागवायचे होते.

कागदाकडे पाहत तो म्हणाला, "म्हणजे केळीसारखंच झालं, सर. बोर्डावरचा भाव एक आणि बागेत व्यापारी देतो तो दुसरा. पप्पा कधी बोर्ड पाहून माल कापत नाहीत. आधी चार जणांना विचारतात, कुणाला काय मिळालं." हे वाक्य मी त्याला शिकवलेले नव्हते, आणि याच क्षणासाठी मी ही वही लिहून घेतो, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. घरातले शहाणपण नोकरीच्या बाजारालाही लागू पडते, हे त्याला स्वतःच दिसले. त्यानंतर निवडीबद्दल त्याने मला एकदाही विचारले नाही. तो फक्त माहिती विचारू लागला.

या वहीला एक मोठी मर्यादा आहे आणि खान्देशात ती विसरून चालत नाही. जळगाव एमआयडीसीतले पाइप, ठिबक, चटई आणि डाळ यांचे अनेक कारखाने माणसे घेतात ती ओळखीतून किंवा फाटकावरच्या सूचनेतून. त्यामुळे पोर्टलवर जळगाव रिकामे दिसते. त्या जागांसाठी प्रत्यक्ष फिरावे लागते. तो फिरला, तेव्हा एका पाइप कारखान्यात क्वालिटी विभागात अप्रेंटिसची जागा असल्याचे कळले. पाइपच्या भिंतीची जाडी मोजणे, दाबाची चाचणी घेणे आणि आयएस 4985 नुसार नोंदी ठेवणे, असे काम होते. विद्यावेतन पुण्याच्या पगारापेक्षा कमी होते. मात्र अनुभव मागणाऱ्या ज्या जाहिराती त्याने आधी खोडल्या होत्या, त्यांतल्या कित्येकींत तपासणी, ड्रॉइंग वाचन आणि नोंदी याच गोष्टी मागितलेल्या होत्या. त्याने ती जागा घेतली. कोडिंगच्या क्लासचे पैसे भरण्याआधी त्या पदाचीही अशीच वही करायची, असे त्याने मित्रालाही सांगितले.

वही ऑक्टोबरात केली असेल, तर फेब्रुवारीत पुन्हा करावी, कारण जाहिरात आजची गरज सांगते आणि तुम्ही रुजू होता जून-जुलैत. दोन्ही वेळा टिकून राहिलेली पदे वेगळ्या पानावर लिहा आणि अर्ज त्यांपासून सुरू करा.