पगार वाढतो, शिल्लक घटते: एका वहीतला हिशेब

"मॅडम, अर्थशास्त्राच्या तासाला मला महागाईवर पाच मिनिटे बोलायचे आहे. व्याख्या पाठ आहे. पण आमच्या घरी रोज यावरूनच वाद होतो. बाबांचा पगार दरवर्षी वाढतो, आई काही उधळत नाही, मग पैसे उरत का नाहीत, हे मलाच कळलेले नाही. वर्गाला काय सांगू?"

ऐरोली आणि ठाण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या मुलांकडून ऐकला आहे की आता पहिल्या वाक्यालाच पुढचे ओळखू येते. मूल अभ्यासाचा विषय घेऊन येते, पण खाली घरातला वाद असतो. अकरावी वाणिज्य शाखेतली ही विद्यार्थिनी, तिला येथे सायली म्हणू, ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्याकडे आली. वडील रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीला, घर भाड्याचे, धाकटा भाऊ शाळेत. माझी अनेक वर्षांची धारणा अशी आहे की घरातल्या तणावाला आकडे मिळेपर्यंत तो माणसांच्या नावावर जमा होत राहतो. सायलीच्या घरात तो आईच्या नावावर जमा झाला होता. "हल्ली तुझा हात सैल झाला आहे," असे बाबा जेवताना म्हणत आणि आई गप्प बसे.

तिने आणलेला मसुदा मी वाचला. "वस्तू व सेवांच्या किमतींत सातत्याने होणारी सर्वसाधारण वाढ म्हणजे महागाई," येथपासून "सर्वसामान्यांचे कंबरडे मोडले आहे" येथपर्यंत सगळे त्यात होते, फक्त घर नव्हते. मी तिला विचारले, "आई हिशेब लिहिते का?" ती म्हणाली, "लिहिते ना. लग्नापासूनच्या वह्या आहेत." पुढच्या भेटीला दोन वह्या घेऊन ये, जून २०२१ ची आणि जून २०२४ ची, एवढेच काम मी तिला दिले.

वह्या आल्या आणि पहिल्याच पानावर तिचा मसुदा अडखळला. "सर्व वस्तू महागल्या" असे तिने लिहिले होते. प्रत्यक्षात घरगुती गॅसचे सिलिंडर दोन्ही जूनमध्ये सुमारे आठशे रुपयांनाच आलेले दिसत होते. मधल्या काळात ते अकराशेच्या वर गेले आणि मग सरकारने दर उतरवले. २०२१ मध्ये भडकलेले खाद्यतेल तर २०२४ मध्ये स्वस्त झालेले होते. मग तिचे बोट तूरडाळीवर थांबले. "मॅडम, डाळसुद्धा महागली नाही. तेव्हा ३३० रुपये, आता ३४०."

मी उत्तर दिले नाही. "किलो किती, ते बघ," एवढेच म्हटले. आईने रकमेशेजारी बारीक अक्षरात वजन लिहिले होते. २०२१ मध्ये तीन किलो होती, ११० रुपये भावाची. २०२४ मध्ये दोन किलो, १७० ची. सायली त्या दोन ओळींकडे बराच वेळ पाहत राहिली. नंतर हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे हल्ली आमटी पातळ असते, ते यामुळे."

इतक्या वर्षांत मी मुलांना खूप गोष्टी समजताना पाहिल्या आहेत, तरी तो क्षण माझ्याजवळ राहिला आहे. महागाई शोधताना आपण रकमेचा रकाना पाहतो. पण जपून संसार करणारी बाई रक्कम वाढू देत नाही, ती वजन कमी करते. त्यामुळे खर्च जेमतेम वाढलेला दिसतो आणि झीज ताटात उतरते. आईचा हात सैल झालेला नव्हता, तो आवळला होता, आणि ते त्या वहीत लिहिलेले होते.

त्यानंतरच्या दोन भेटींत आम्ही पूर्ण महिन्याचा हिशेब मांडला. भाडे १२,००० वरून १३,९०० झाले होते, कारण करार नवा होताना मालक दर वेळी पाच टक्के वाढवत होता आणि तसे तीनदा झाले होते. किराणा, भाजी आणि दूध ११,००० चे १३,७०० झाले. भावाची शाळा, वीज, गॅस, औषधे, प्रवास हे सगळे मिळून ११,००० चे १३,२०० झाले. सायलीचा अकरावीचा प्रवेश आणि नवी शिकवणी मामाने भरली होती. ती आम्ही मुद्दाम बाहेर ठेवली, कारण ती वाढलेली गरज आहे, महागाई नव्हे, आणि हे दोन्ही एकत्र केले की हिशेब फसवतो. एकूण खर्च ३४,००० वरून ४०,८०० वर गेला होता, म्हणजे तीन वर्षांत वीस टक्के. पगार ४०,००० वरून ४४,००० झाला होता, म्हणजे दहा टक्के.

"दहा टक्क्यांचा फरक पडला," सायली म्हणाली. "म्हणजे बचत दहा टक्क्यांनी कमी झाली असेल?"

"वजाबाकी करून बघ."

पूर्वी महिन्याला ६,००० उरत होते, आता ३,२०० उरत होते. तिने दोनदा मोजले. पगार ४,००० ने वाढला, खर्च ६,८०० ने वाढला आणि मधले २,८०० रुपये बाहेरून कुठून येणार नव्हते, ते शिल्लक रकमेतूनच गेले. भाडे टळत नाही, फी टळत नाही, म्हणून सगळा घाव शेवटच्या ओळीवर पडतो आणि ती ओळ मुळातच लहान असते. पगार वाढत असतानाही जवळजवळ निम्मी बचत जाते ती अशी, आणि त्यासाठी घरात कोणीही उधळपट्टी करावी लागत नाही. वर्गाला सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे, असे मी तिला सांगितले. व्याख्या मागून आली तरी चालेल.

राहिला साठवलेल्या पैशाचा प्रश्न. आजीने दिलेले एक लाख रुपये २०२१ पासून बचत खात्यात होते. "ते तरी सुरक्षित आहेत ना?" असे तिने विचारले. बँकेत ते सुरक्षितच होते; झिजत होती ती त्यांची ताकद. येथे जवळपास प्रत्येक मूल एक चूक करते, तशी तिनेही केली. किमती वीस टक्के वाढल्या म्हणजे एक लाखाची किंमत ऐंशी हजार राहिली, असे ती म्हणाली. मी तिला पन्नास रुपये किलोच्या तांदळाचे उदाहरण दिले. भाव साठ झाला, तर हजार रुपयांत पूर्वी वीस किलो येत होता, आता पावणेसतरा किलोच्या आत येतो, सोळा नव्हे. वजा करायचे नसते, भागायचे असते. तिने लाखाला १.२ ने भागले आणि उत्तर ८३,३३३ आले. हे कपाटात ठेवलेल्या नोटांचे झाले. तीन टक्के व्याज धरले तर खात्यात १,०९,२७३ रुपये होतात आणि त्यांची ताकद जुन्या ९१,००० रुपयांएवढी भरते. साडेपाच टक्क्यांची मुदत ठेव असती तरी ती ९८,००० च्या आसपासच राहिली असती, आणि ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल तर आणखी थोडी खाली. पासबुकातला आकडा दरवर्षी वाढत होता, म्हणून हे कोणाच्या लक्षात आले नाही.

हे भागाकार तिच्या घराच्या वीस टक्क्यांवर केलेले आहेत, आणि डाळीसारख्या काटकसरीमुळे तिच्या घराला लागलेली खरी भाववाढ त्याहून अधिकच असणार. सरकारी महागाई दर देशभरातल्या कुटुंबांच्या सरासरी खर्चावरून काढतात. ज्या घराच्या खर्चाचा तिसरा हिस्सा भाड्यात जातो, त्या घराचा दर त्याहून वेगळा येणारच. म्हणून बातमीतला आकडा आपल्या घरावर तसाच लावू नये, दोन वह्या समोर ठेवून आपला आपण काढावा, आणि काढताना वजन तेच धरावे.

पालक मला विचारतात की मग बचत खात्यात काहीच ठेवू नये का. ठेवावे. दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी हवीच, आणि तिची झीज ही अडीअडचणीला पैसे लगेच मिळण्याची किंमत समजावी. त्यापलीकडचे जे पैसे दहा-पंधरा वर्षे लागणार नाहीत, त्यांचे कर वजा जाता व्याज घराच्या महागाईपेक्षा जास्त आहे का, हे वर्षातून एकदा पाहावे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि त्या व्याजावर कर नाही, पण पैसे पंधरा वर्षांसाठी अडकतात. हे दोन्ही एकाच वेळी लक्षात घ्यावे लागते.

सायलीचा नवा मसुदा दीड पानाचा झाला. तो असा सुरू होत होता: "मित्रांनो, मी आज तुम्हाला आमच्या घरातल्या दोन ओळी दाखवणार आहे. तूरडाळ, जून २०२१, ३३० रुपये. तूरडाळ, जून २०२४, ३४० रुपये. डाळ महागली का, हे तुम्ही सांगा." पुढे वजने, मग पगार, खर्च आणि शिल्लक यांचे तीन आकडे, मग आजीचे एक लाख. कंबरडे मोडल्याचे वाक्य तिने स्वतःच खोडले होते. आदल्या संध्याकाळी तिने हे भाषण घरी म्हणून दाखवले. बाबांनी वही मागून घेतली, डाळीचे पान काढले आणि आईला विचारले, "हे मला सांगितले का नाहीस?" आई म्हणाली, "तुम्ही रक्कम विचारत होता."

वर्गात एका मुलाने प्रश्न केला. जुलै २०२३ मध्ये महागाई दर साडेसात टक्क्यांच्या आसपास होता आणि जुलै २०२४ मध्ये तो साडेतीनच्या आसपास आला, असे त्याने बातम्यांत ऐकले होते. मग आता स्वस्ताई आली का? सायलीने फळ्यावर शंभर लिहिले, त्यापुढे १०७.५० आणि त्यापुढे साधारण १११.३०. दर निम्म्यावर आला म्हणजे किंमत चढण्याचा वेग निम्म्यावर आला, किंमत खाली आली नाही, असे तिने सांगितले. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्टसुद्धा चार टक्क्यांचे आहे, शून्याचे नाही, हेही तिने जोडले. हा भाग मी शिकवलेला नव्हता, तिने तो स्वतः शोधला होता, आणि तिने मला ते सांगितले तेव्हा मला फार बरे वाटले.

सप्टेंबरमध्ये ती पुन्हा एकदा वही दाखवायला आली. आईने पट्टीने एक नवा रकाना आखला होता आणि त्यावर लिहिले होते, "किलो". तूरडाळीपुढे अजून दोनच होते. तेलापुढचे तीन लिटर मात्र बाबांच्या अक्षरात होते.