वाचता न आलेला ईमेल पुन्हा रांगेत टाकण्यापूर्वी

ईमेल वाचणारी पायथन स्क्रिप्ट अडखळली की प्रत्येक ईमेल पुन्हा रांगेत टाकू नका. आधी कारण पाहा. डेटाबेसशी संपर्क तुटला असेल, तर 1, 5 आणि 30 मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करणे योग्यच आहे. परंतु ईमेलच्या हेडरमध्ये UTF-8 लिहिलेले असून मजकुरात Windows-1252 मधील 0x92 हा बाइट आला, तर `UnicodeDecodeError` प्रत्येक वेळी तोच येईल, म्हणून असा ईमेल थेट डेड-लेटर फोल्डरमध्ये हलवावा. तो मूळ बाइट्ससह, डीकोड न करताच साठवा आणि त्रुटीचा संदेश शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा, कारण डीकोड करताना अनोळखी बाइट्स गाळले गेले, तर पार्सर सुधारल्यावरही तो मजकूर परत मिळवता येत नाही. त्या फोल्डरमध्ये नवीन फाइल येताच सूचना मिळेल, अशी व्यवस्थाही अवश्य करा.